मदत हवी आहे: करारात दरवर्षी ८ टक्के वाढ, तीन वर्षांचं भाडं किती?

गाळा_लातूर: लातूरला स्टेशनरी-झेरॉक्ससाठी गाळा घेतलाय, भाडं १२,०००. बँकेत उद्या प्रोजेक्ट रिपोर्ट द्यायचाय त्यात तीन वर्षांचं भाडं दाखवायचं. करारातल्या कलमाचा फोटो टाकलाय, दरवर्षी ८ टक्के वाढ आहे. मी मांडलं तर तिसऱ्या वर्षी १३,९९७ येतंय आणि मालक म्हणतेत १५,११७. कोण बरोबर? लवकर सांगा.

परभणीकर: सोपं आहे की दादा. ८ चे तीन वर्षांत २४ टक्के, म्हणून तिसऱ्या वर्षी १४,८८०. दोघंही चुकलात.

निवृत्त_हिशेबनीस: तसं होत नाही. पहिल्या वर्षी मूळ भाडंच असतं, त्यामुळं तीन वर्षांत वाढ दोनदाच लागते. आता वाढ मूळ भाड्यावर आहे की चालू भाड्यावर, ते बघावं लागेल. मूळवर धरली तर तिसऱ्या वर्षी १३,९२०, चालूवर धरली तर १३,९९७. फोटोत तो शब्द घडीत गेलाय, आणि आकडा पण पुसट आहे, ८ आहे का ६ नीट दिसंना. अक्षरी काय लिहिलंय ते वाचून सांगा.

गाळा_लातूर: अक्षरी आठच आहे. "चालू भाड्यावर" असं लिहिलंय. मग माझं बरोबर ना?

नांदेडची_ताई: आमच्या नांदेडच्या घराला मालकानं तोंडीच दोन हजार वाढवले, कागदावर काहीच नव्हतं. तुम्ही डिपॉझिटची पावती घेतली का? आधी ती घ्या.

निवृत्त_हिशेबनीस: ताई, प्रश्न वाढीचा आहे. गाळेवाले, मालकांचा १५,११७ हा आकडा हवेतला नाही, १२,००० वर ८ टक्के तीनदा लावले की बरोबर तोच येतो. म्हणजे त्यांनी तिसरी वाढ धरली आहे. ती कुठून आली ते शोधा. करार किती महिन्यांचा आहे? तुम्ही फक्त चौथं कलम टाकलंय.

गाळा_लातूर: करार ११ महिन्यांचाच असतो ना सगळ्यांचा, ते काय लिहायचं. दुसऱ्या कलमात "मुदत ११ महिने, प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी भाडं कलम ४ प्रमाणं वाढेल" असं आहे. सुरुवात १ जून २०२५.

निवृत्त_हिशेबनीस: बघा, अडचण इथं आहे. कलम ४ म्हणतं दरवर्षी, कलम २ म्हणतं नूतनीकरणाला, म्हणजे अकरा महिन्यांनी. मालकांच्या वाचनानं पहिली वाढ १ मे २०२६ ला, दुसरी १ एप्रिल २०२७ ला आणि तिसरी १ मार्च २०२८ ला. म्हणून तिसरं वर्ष ३१ मे २०२८ ला संपताना शेवटचे तीन महिने १५,११७ भरावे लागतील. आख्खं तिसरं वर्ष नाही, हे मालकांना सांगा. तुमच्या वाचनानं ३६ महिन्यांचे ४,६७,४८२ होतात, त्यांच्या वाचनानं ४,७३,८७४. फरक साधारण ६,४०० चा.

एक्सेलमध्ये तुमच्या वाचनाचं तिसरं वर्ष:

```
=12000*1.08^2
```

अकरा महिन्यांवाल्यासाठी A1 मध्ये महिन्याचा क्रमांक, १ ते ३६, आणि खाली ओढा:

```
=12000*1.08^INT((A1-1)/11)
```

परभणीकर: पण ११ महिन्यांचा केला की रजिस्टर करावा लागत नाही, म्हणून तर सगळे तसंच करतेत. त्यात वाढीचं कलम कोण बघतंय.

औसा_रोड: हे चुकीचं पसरवू नका. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नं भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मग मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. सरळ ३६ महिन्यांचा करा, वाढीच्या तारखा लिहून.

परभणीकर: स्टँपचा खर्च वाढतो त्यानं.

औसा_रोड: लिव्ह अँड लायसन्सला एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक लागतो. या साडेचार लाखांवर बाराशेच्या आत-बाहेर, डिपॉझिटचं थोडं वेगळं. दर अकरा महिन्यांनी चकरा मारण्यापेक्षा बरं.

नांदेडची_ताई: गाळ्यात पाणी आहे का हो? लातूरला २०१६ ला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती, तेही करारात लिहून घ्या.

गाळा_लातूर: पाणी आहे ताई. काका, उद्या बँकेत कोणता आकडा देऊ?

निवृत्त_हिशेबनीस: खर्च कमी दाखवून फसण्यापेक्षा जास्तीचा द्या, ४,७३,८७४, आणि खाली अकरा महिन्यांनी वाढ धरलीय असं लिहा. बँक करार मागेल, तेव्हा चौथ्या कलमाबरोबर दुसऱ्याचीही प्रत लावा.

औसा_रोड: मी असतो तर नाही दिला. एकदा तुमच्या सहीच्या कागदावर ते वाचन गेलं की मालक तेच दाखवतील.

गाळा_लातूर: आज संध्याकाळी मालकाकडं जातो, ते काय म्हणतेत ते लिहितो.