क्यालेंडरच्या चार ओळी (घरच्या ग्रुपवरून)

बापूकाका: सगळ्यायले सांगून राह्यलो, यंदा दुकानाच्या क्यालेंडरवर पाणी बचतीची कविता टाकायची हाय. चारच ओळी. रात्री बसून लिहिली, पाहा.
पाणी हे जीवन आहे, जीवनाची राणी
पाणी अडवा, पाणी जिरवा, सांगे संतवाणी
ग्राहकराजा, थेंब वाचव, हीच विनवणी
नाही तर उद्या येईल डोळ्यातच पाणी

मयूरी (पुणे): बाबा 👏👏

गजू (प्रेस): मामा, कविता ठीक हाय, पण जागा पाहा ना. क्यालेंडर शिवकाशीहून छापूनच येते. खाली कोरी पट्टी राहते, तेवढीच आपली. तिच्यात दुकानाचं नाव, गाव, दोन मोबाईल नंबर. उरते बोटभर जागा. एवढ्या लांब ओळी टाकल्या तर अक्षर मुंगीएवढं होईल.

बापूकाका: मंग नंबर एकच टाक.

शालिनीकाकू: दुसरा नंबर माह्या हाय. तो राहील.

प्रशांत: काका, राग मानू नका. तुमच्या ओळींची अक्षरं मोजली, 14, 16, 16, 15 भरली. म्हणून वाचताना पहिल्या ओळीत पाय घसरते. आणि राणी, वाणी, विनवणी, पाणी हे यमक दरसाली कुठल्या ना कुठल्या भिंतीवर असतेच. शाळेत जलदिनाले निम्मी पोरं हेच लिहून आणतात.

बापूकाका: मास्तर, मंग तूच लिही.

प्रशांत: एकटा नाही लिहीत, सगळे मिळून लिहू. ओळीले आठच अक्षरं ठेवू, जात्यावर बायका म्हणत त्या चालीवर. जोडाक्षर एकच धरायचं, अनुस्वार मोजायचा नाही. म्हणजे "थेंब" दोन अक्षरं, "म्हणे" दोन. आठ आठच्या चार ओळी गजूच्या पट्टीत दोनाच्या दोन रांगा करूनही बसतील.

गजू (प्रेस): हे जमते.

प्रशांत: दुसरं, "अडवा जिरवा" हे वावरासाठी ठीक हाय. क्यालेंडर लागते स्वयंपाकघरात, फ्रीजच्या बाजूले. आपण खारपाणपट्ट्यातले, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. प्यायचं पाणी म्हणजे नळ सुटला की टाकीत भरलेलं. क्यालेंडरपुढं उभ्या बाईले त्या पाण्याचं काय करता येईल, ते लिहा.

शालिनीकाकू: मंग तोटीचं लिहा. आपल्याच मोरीतली तोटी पोळ्यापासून गळून राह्यली. बापू बंद कर बंद कर म्हणून थकली मी.

बापूकाका: ग्रुपवर कशाले सांगतं?

प्रशांत: काकू, किती गळते?

शालिनीकाकू: टपटप. सेकंदाले एक थेंब धर.

प्रशांत: मोजता का? लिटरची बाटली लावा खाली आणि भरायले किती वेळ लागते ते सांगा.

*(संध्याकाळी)*

शालिनीकाकू: साडेबाराले लावली, सहाले भरली.

प्रशांत: म्हणजे साडेपाच तास. दिवसाचे चार लिटर, वर थोडं. वीस थेंबाले एक मिली धरलं तर सेकंदाले एक थेंब म्हणजे दिवसाले 4,320 मिली. तुमची बाटली बरोबर सांगून राह्यली. आपला पितळेचा गुंड किती लिटरचा?

शालिनीकाकू: बाटलीनं ओतून पाह्यलं, तेरा.

प्रशांत: चार पूर्णांक तीन गुणिले तीन, तेराच. तीन दिवसांत एक गुंड! कविता झाली म्हणा.
नळ गळतो अंगणी,
थेंब म्हणे, थांब, थांब!
तीन दिवसांत गेला
गुंड एक थेंब थेंब.

बापूकाका: आठ आठ आहे ना?

प्रशांत: मोजा. न-ळ-ग-ळ-तो-अं-ग-णी. आठ.

मयूरी (पुणे): दादा, मस्त, पण इथं माझ्या शेजारणीला दाखवली तर ती म्हणाली, तीन दिवसांत कोणता गुंड पळाला? 😂

शालिनीकाकू: पुण्याच्या लोकायले गुंड म्हणजे मारामारी करणारा.

मयूरी (पुणे): आई, घागर करा ना. सगळ्यांना कळेल.

शालिनीकाकू: क्यालेंडर पुण्यात लागणार हाय का? इथं घरोघरी गुंडच हाय. मोजला तोही गुंडच. घागर कोण मोजली?

प्रशांत: काकू बरोबर. पण मयूरीचंही खरं आहे, तालुक्याचा कोणी पाव्हणा वाचेल तर त्यालेही क्षणभर वाटेल. "गेला गुंड" असं वाचलं की माणूसच डोळ्यापुढं येतो. "गुंडभर" केलं तर भांड्याशिवाय दुसरा अर्थच निघत नाही. "गेलं, गुंडभर थेंब थेंब." अक्षरं तेवढीच राहतात.

बापूकाका: अजून एक. नळ चौथ्या दिवशी येते आपल्याकडं, दोन घंटे. मंग तीन दिवस गळन कसा? गावचे लोक हसतील.

प्रशांत: काका, ही चूक माझ्या ध्यानातच आली नाही. गळते ती टाकीची तोटी. टाकी भरलेली राहते म्हणून रात्रंदिवस गळते. पहिली ओळ बदलतो, "टाकीची तोटी गळते". आठच.

बापूकाका: यमक थांब आणि थेंब, पुरं जुळत नाही.

प्रशांत: खरंय, स्वर वेगळा आहे. पण मोठ्यानं म्हणून पाहा. तोटीचाच आवाज वाटतो. मी तरी सोडणार नाही.

शालिनीकाकू: म्हटलं मी. राहू दे.

बापूकाका: आणि "पाणी" शब्द कुठं हाय? पाणी बचतीची कविता आणि पाणीच नाही!

गजू (प्रेस): मामा, वर चित्र धरणाचं निवडलंय ना तुम्ही. त्यात पाणीच पाणी हाय.

बापूकाका: 👍 पाठव मंग प्रूफ. पाचशे नग. पत्र्याची पट्टी पक्की लावजो, मागच्या वर्षी संक्रांतीलेच निघाली होती.

*(दुसऱ्या दिवशी)*

गजू (प्रेस): प्रूफ टाकलंय. व्हाट्सअपवरून कॉपी केलं तर आपल्या फॉन्टमध्ये सगळी चित्रं उमटली, म्हणून हातानं टाइप केलं. लवकर सांगा, दुपारी मशीनवर चढते.

मयूरी (पुणे): छान दिसतंय!

प्रशांत: माझ्याकडून ओके. आठ आठ बरोबर.

शालिनीकाकू: थांब रे गजू. पहिल्या ओळीत काय लिहिलं? "टाकीची तोटी गाळते". तोटी गाळते? चहा गाळते का ते?

प्रशांत: अरे देवा. अक्षरं मोजली तेव्हा हे दिसलंच नाही. एका कान्यानं अक्षरं वाढत नाहीत, आणि शब्दही खराच आहे.

गजू (प्रेस): केलं दुरुस्त. पुन्हा टाकतो.
टाकीची तोटी गळते,
थेंब म्हणे, थांब, थांब!
तीन दिवसांत गेलं
गुंडभर थेंब थेंब.

शालिनीकाकू: आता बरोबर.

बापूकाका: गजू, जागा उरली असन तर खाली बारीक टाक, "तोटीचे वायसर मिळतील".

शालिनीकाकू: दुकानात वायसर हाय?

बापूकाका: मागवतो. दोन डझन.

शालिनीकाकू: पह्यलं आपल्या मोरीत लाव.