घरात वायफाय असूनही फोन सारखा मोबाईल डेटावर जातो, कोणतं सेटिंग बदलू?

स्नेहा_नाशिक
नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. माझा सॅमसंगचा फोन घरी वायफायला जोडलेला असतो, तरी दीड जीबीपैकी अर्धा डेटा संपल्याचा मेसेज दुपारीच येतो. लेकीला व्हिडिओ कॉल लावला की चित्र थिजतं, "Reconnecting" दिसतं आणि वर वायफायच्या जागी 4G आलेलं असतं. थोड्या वेळाने परत वायफाय. राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे आहे, मी बहुतेक मागच्या बेडरूममध्ये असते. वायफाय सोडू नकोस, असं फोनला कुठे सांगायचं?

रोहन७७
डेव्हलपर ऑप्शन्समध्ये Mobile data always active बंद करा. काम झालं.

मिलिंद_नेटवर्क
रोहन, ते चालू असलं की वायफाय असतानाही मोबाईल डेटा तयार राहतो, त्यामुळे बदल पटकन होतो. पण वायफाय कधी सोडायचं, हे त्यावरून ठरत नाही.

ताई, तुम्ही Settings → Connections → Wi-Fi मध्ये जा. उजवीकडच्या तीन टिंबांत Intelligent Wi-Fi आहे, त्यातलं Switch to mobile data बंद करा. वायफाय मंद किंवा अस्थिर वाटलं की फोन याच सेटिंगमुळे डेटावर जातो. उडी मारताना इंटरनेटचा पत्ता बदलतो, म्हणून कॉल अडखळतो.

मात्र याने बेडरूममधलं वायफाय सुधारणार नाही. वायफाय अ‍ॅनालायझरसारखं एखादं अ‍ॅप घेऊन दोन्ही खोल्यांतला सिग्नल किती dBm आहे ते बघा, आकडा शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. उणे 50 च्या आसपास उत्तम, उणे 67 पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे 75 च्या खाली त्रास होणारच.

अनघा_पुणे
माझ्या आयफोनमध्ये तीन टिंबं दिसतच नाहीत!

मिलिंद_नेटवर्क
अनघाताई, तुमच्याकडे ते वायफायमध्ये नसतं. मोबाईल डेटाच्या सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅप्सची यादी संपेपर्यंत खाली जा, तिथे Wi-Fi Assist आहे.

स्नेहा_नाशिक
सेटिंग बंद केलं. हॉलमध्ये उणे 46, बेडरूममध्ये उणे 79, दार लावलं की अजून खाली. आता 4G येत नाही, पण बेडरूममध्ये कॉल तसाच अडकतो.

मिलिंद_नेटवर्क
मग दुखणं सिग्नलचंच आहे. तुम्ही बहुधा 5 गिगाहर्ट्झवर आहात, तो भिंतींत लवकर विरतो. राउटरची दोन नावं दिसत असतील तर बेडरूममध्ये 2.4 वालं जोडा. आणि राउटर टीव्हीमागून काढून उघड्यावर, उंच ठेवा.

रोहन७७
सरळ नवा राउटर घ्या ना.

स्नेहा_नाशिक
राउटर कपाटावर ठेवला, 2.4 जोडलं. बेडरूममध्ये आता उणे 66, लेकीशी नीट बोलणं झालं. पण रात्री हॉलमध्येच वायफायच्या चिन्हावर उद्गारचिन्ह येतं आणि काहीच उघडत नाही. हे कशामुळे?

मिलिंद_नेटवर्क
उद्गारचिन्ह म्हणजे फोन राउटरला जोडलेला आहे, पण पुढे इंटरनेट मिळत नाही. पुन्हा आलं की लगेच दोन गोष्टी बघा. घरातल्या दुसऱ्या फोनवरही तेच आहे का, आणि फायबरच्या डब्यावर LOS चा दिवा लाल आहे का. दोन्ही असेल तर तक्रार ब्रॉडबँडवाल्याकडे नोंदवा. फक्त तुमच्याच फोनवर येत असेल, तर Private DNS, म्हणजे साइटचे पत्ते कोणत्या सर्व्हरकडून शोधायचे हे ठरवणारं फोनचं सेटिंग, त्यात काय लिहिलंय ते इथे टाका.