कॅमेऱ्याची उंचीही टेपने मोजा

"लेन्स तीच, ऊनही त्याच बाजूचं, तरी रिकाम्या जागेच्या फोटोत नंतर बसवलेला माणूस चिकटवल्यासारखा का दिसतो?"

बहुतेक कॅमेऱ्याची उंची बदलली असणार. कॅमेरा जमिनीपासून जितका उंच, सपाट जागी क्षितिज उभ्या माणसाला तितक्याच उंचीवर छेदतं. गुहागरच्या किनाऱ्यावर मी १२० सेंमीवरून रिकामी फ्रेम घेतली. भावाचा फोटो नंतर घरी डोळ्यांच्या उंचीवरून काढला. दोन्ही जोडताना क्षितिज छातीशी नीट बसवलं, पण बूट वरून पाहिल्यासारखे दिसत राहिले. ते एडिटिंगमध्ये सुटत नाही, फोटो पुन्हाच काढावा लागला.

आता माणूस जिथे बसवायचा त्या जागी आधी कुणाला तरी पांढरा चेंडू धरून उभं करतो, एक फोटो घेतो. कॅमेऱ्याची उंची आणि त्या माणसापर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहितो. चेंडूवर सावलीची कड किती मऊ आहे ते बघून घरी दिवा लावतो.