प्रतिसाद: फटक्यांच्या प्रयत्नांचा वाटा

> "सरळ गोलच मोजावेत ना? बाहेर गेलेले फटके मोजून काय कळतं?"

आइस हॉकीत गोल फार थोडे होतात, हीच अडचण. पाच विरुद्ध पाच खेळात एका संघाचे सामन्याला साधारण २ गोल, पण फटक्यांचे प्रयत्न ४० च्या आसपास. यात गोलरक्षकाने रोखलेले, बचावपटूच्या अंगावर आदळलेले, बाहेर गेलेले सगळे धरतात. यालाच कॉर्सी म्हणतात, आणि दोन्ही संघांच्या मिळून प्रयत्नांत एका संघाचे किती, तो त्याचा वाटा. फटका मारायचा तर पक, म्हणजे खेळायची चकती, तुमच्याकडे आणि बहुधा समोरच्यांच्या भागात असावा लागतो, म्हणून ताबा मोजायची ही आडवाट.

एनएचएल लीगमधला २०११-१२ चा मिनेसोटा वाइल्ड संघ बघा. डिसेंबरच्या मध्याला लीगमध्ये अव्वल, पण प्रयत्नांत प्रतिस्पर्धी सतत पुढे. डोलारा उभा होता गोलरक्षकांच्या बचावावर. बचावाची टक्केवारी काही आठवडे चढते नि मग सरासरीकडे येते. प्रयत्नांचा वाटा त्यामानाने टिकतो. वाइल्ड प्लेऑफलाही पोचले नाहीत. त्याच मोसमात गोल करण्यात शेवटून दुसरे असलेले लॉस एंजेलिस किंग्ज प्रयत्नांत वरचढ होते. आठव्या मानांकनावरून त्यांनी लीगचा विजेतेपदाचा स्टॅनली कप नेला. (फेब्रुवारीत जेफ कार्टर हा खेळाडू संघात आला, त्याचाही हातभार होताच.)

फक्त एक बघा: आघाडीवरचा संघ मागे सरून खेळतो, त्यामुळे पिछाडीवरच्याचा वाटा फुगतो. मी बरोबरी असतानाचेच आकडे धरतो.