पंपाची बॉडी एकाच फाउंड्रीकडून: दुसरी करायची का?

रवी, हिंगणा: पंपाची सीआय बॉडी कितीतरी वर्षं एकाच फाउंड्रीकडून घेतो, महिन्याला ३०० नग, १२ किलोचा एक. सीए मागे लागलाय दुसरा सप्लायर करा म्हणून. माझं मत, काम वाटलं की दोघंही लक्ष देत नाहीत, वर खर्च उगाचच.

देशमुख, बुटीबोरी: हे "लक्ष देत नाहीत" वाचून राहवलं नाही भाऊ. आमच्या फाउंड्रीची भट्टी बंद पडली तेव्हा समजलं की पॅटर्न त्यांच्याकडं, कोअर बॉक्सही त्यांच्याकडं, आणि मालक फोन उचलून नाही राह्यला. नवा पॅटर्न, सॅम्पल, मशीनिंग, हायड्रो टेस्ट, सगळं जमेपर्यंत तीन महिने गेले. दुसरीकडचा पहिला लॉट तर कोअर सरकलेला, भिंत एका बाजूनं पातळ, टेस्टला पाणी झिरपायचं, आणि कडा इतक्या कडक की इन्सर्ट पटापट तुटायचे. हे शिकणं काम चालू असताना करायचं असते, आग लागल्यावर नाही.

अमोल: एवढा आटापिटा काऊन? दोन महिन्यांचा स्टॉक ठेवा, विषय संपला.

देशमुख, बुटीबोरी: हिशोब करा ना. ११० रुपये किलोनं ६०० नग म्हणजे जवळपास ८ लाख अडकले, १२ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ९५ हजार. दुसऱ्याला ३० टक्के काम दिलं आणि तो किलोमागं ८ रुपये जास्त घेत असला तरी वर्षाला लाखभरच, पॅटर्नचा खर्च एकदाच. आणि सच्छिद्रता असली तर ती मशीनिंगनंतर दिसते, म्हणजे तुमचा सगळा साठा एकाच दोषाचा. तरी महिनाभराचा ठेवाच, तेवढं तुमचं मानतो.

मीनल (फाउंड्री आमची): आम्हालाही बोलू द्या. ३० टक्के काम देता, पैसे नव्वद दिवसांनी, मग आधी कोणाची भट्टी लावायची? कायद्यात ४५ दिवस आहेत.

अमोल: ४५ सगळ्यांनाच मिळतात.

मीनल: नाही मिळत! लेखी करार असला तरच जास्तीत जास्त ४५, नाहीतर १५. आणि सूक्ष्म-लघु उद्योगाला उशीर केला तर आयकराच्या नियमामुळे तो खर्च त्या वर्षी वजा होत नाही, पैसे द्याल तेव्हाच होतो. तुमच्या सीएलाच विचारा.

अमोल: प्रश्न सप्लायरचा होता ताई, तुमच्या उधारीचा नाही.

मीनल: उधारीचाच आहे! वेळेवर पैसे देणाऱ्याचं काम पहिले निघते, मग फाउंड्री एक असो की दोन.

रवी, हिंगणा: पैसे मी वेळेवर देतो, माझ्यावर ढकलू नका. पॅटर्नचं बिल माझ्या नावावर आहे, पण पडून त्यांच्या शेडमध्ये आहे, ते लेखी घेतो, ठीक. दुसऱ्या फाउंड्रीला मात्र महिन्याला ९० नगांसाठी कोण उभं करणार?

देशमुख, बुटीबोरी: दर महिन्याला नका देऊ, तीन महिन्यांचे २७० एकदम द्या. एक हीट तरी भरते.

रवी, हिंगणा: मग तोही स्टॉकच झाला ना.