मिथेनमध्ये sp3 खरं की मॉलिक्युलर ऑर्बिटल? फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रम कोणाच्या बाजूने?

पंचवटी_एमएस्सी: एमएस्सी पार्ट वनला आहे. अकरावीपासून शिकलोय की मिथेनचे चारही बॉण्ड सारखे, चार sp3 ऑर्बिटल, एकाच एनर्जीची. आता लेक्चरला सांगितलं की फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रममध्ये व्हॅलन्स इलेक्ट्रॉनचे दोन बँड येतात, एक १४ इव्हीच्या आसपास आणि दुसरा २३ जवळ, म्हणून हायब्रिडायझेशन चूक. मग चार सारखे बॉण्ड पण खोटे का? नक्की काय मानायचं?

कॉलेजरोड_क्लास: मी बरीच वर्षं अकरावी बारावी शिकवतो त्यामुळे ठामपणे सांगतो, चार बॉण्ड सारखेच आहेत. प्रोटॉन एनएमआरमध्ये मिथेनची एकच रेष येते, चारही सी-एच लांबी सारखी, कोन १०९.५. आणि स्पेक्ट्रमचं म्हणाल तर हीलियम दिव्यावर घेतलेला मिथेनचा स्पेक्ट्रम मी स्वतः पाहिलाय, त्यात एकच रुंद बँड आहे, साडेबाराच्या पुढे सुरू होतो आणि सोळाच्या आत संपतो. दुसरा बँड कुठेय? एक बँड म्हणजे एक एनर्जी, म्हणजे sp3.

गंगापूररोड_नेटसेट: सर, हायब्रिडायझेशन प्रयोगाने खोटं ठरलंय, ते सिलॅबसमधूनच काढायला पाहिजे. मॉलिक्युलर ऑर्बिटल थिअरी सरळ सांगते, खाली एक a1 आणि वर तीन सारखी t2. स्पेक्ट्रम तेच दाखवतो, विषय संपला.

गोदाकाठ: विषय एवढ्यात संपत नाही. माझी पीएचडी याच स्पेक्ट्रोस्कोपीत झाली म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी क्लासवाल्या सरांचा एक बँड. तुम्ही पाहिलेला स्पेक्ट्रम साध्या हीलियम रेषेवरचा असणार, तिच्या फोटॉनची एनर्जी २१.२ इव्ही. मिथेनचा दुसरा बँड आहे जवळपास २२.९ ला. फोटॉनकडेच २१.२ आहेत तर तो २२.९ लागणारा इलेक्ट्रॉन बाहेर काढणार कसा? तो बँड त्या कागदावर येऊच शकत नाही. हीलियम आयनची ४०.८ ची रेष घ्या किंवा एक्स-रे सोर्स घ्या, लगेच दिसतो. म्हणून कोणताही असा स्पेक्ट्रम हातात आला की पहिल्यांदा सोर्स बघायचा आणि मगच बँड मोजायचे. एनएमआरचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यावरून चार हायड्रोजन सारखे एवढंच कळतं, इलेक्ट्रॉन काढायला किती एनर्जी लागते ते नाही कळत.

अंबड_एमआयडीसी: आमच्याकडे प्लँटवर मिथेनचा गॅस ॲनालायझर आहे, तो ३.३ मायक्रॉनवर रीडिंग देतो आणि दुसरा पट्टा ७.७ च्या जवळ आहे. म्हणजे दोन बँड आम्ही रोज बघतो, तेच ना हे?

गोदाकाठ: नाही दादा, ते इन्फ्रारेड आहे. तिथे बॉण्ड ताणले जातात, वाकतात, इलेक्ट्रॉन रेणूतच राहतो. इथे इलेक्ट्रॉन पार बाहेर फेकला जातो आणि मागे CH4+ उरतो. दोन्हीकडे दोन आकडे आले हा योगायोग.

आता नेटसेटवाल्याचं. हायब्रिड खोटं ठरलं हे मला अजिबात मान्य नाही. चुकीचं आहे ते वेगळंच वाक्य, "प्रत्येक बॉण्डमधल्या इलेक्ट्रॉनची एनर्जी सारखी म्हणून स्पेक्ट्रममध्ये एकच बँड". चार sp3 बॉण्ड घ्या आणि एक इलेक्ट्रॉन काढा. भोक कोणत्या बॉण्डमध्ये पडलं? चार शक्यता, चारही सारख्या, पण त्या एकमेकींपासून सुट्या नाहीत, कारण चारही बॉण्ड एकाच कार्बनवर भेटतात आणि भोक एका बॉण्डमधून दुसऱ्यात सरकतं. एका बॉण्डची स्वतःची एनर्जी α धरा, दोन बॉण्डमधला दुवा β. चार बाय चारचं मॅट्रिक्स सोडवलं की एक पातळी α + 3β ला येते आणि तीन पातळ्या α − β ला. एक आणि तीन! म्हणजे a1 आणि t2 हायब्रिडमधूनच निघाले.

आकडे घालून बघा. खालची पातळी −२२.९, वरच्या तीन सरासरी −१४.० धरू. दोघांतला फरक ४β, म्हणजे ८.९, म्हणून β साधारण −२.२ आणि α −१६.२. ताळा करा, −१६.२ मधून ६.७ वजा केले की −२२.९, आणि २.२ मिळवले की −१४.०. अकरावीत आपण जे चित्र काढतो त्यात हा β शून्य धरलेला असतो, चूक तेवढीच आहे.

कॉलेजरोड_क्लास: मॅडम, हे मला पटत नाही. दोन आकडे स्पेक्ट्रममधून घेतले आणि त्यातूनच दोन आकडे काढले, ताळा तर जुळणारच, यात सिद्ध काय झालं?

गोदाकाठ: बरोबर पकडलंत सर, आकडे काही सिद्ध करत नाहीत. सिद्ध होतो तो नमुना. β शून्य नसेल तर चार सारख्या बॉण्डमधून एक आणि तीन असेच गट पडतात, दोन-दोन किंवा चार वेगळे कधीच नाही. आणि β दोन इव्हीच्या वर निघाला म्हणजे तो किरकोळ समजून सोडता येत नाही. बॉण्डवाल्या ऑर्बिटलवरून अल्केनची आयनायझेशन एनर्जी काढायची ही पद्धत हॉल यांनी १९५१ सालीच मांडली होती, तेव्हा असे स्पेक्ट्रम हातात नव्हते.

उलट बाजूही ऐका. a1, t2 ऑर्बिटल मिसळून चार सारखी बॉण्डवाली ऑर्बिटल करता येतात, उलटही करता येतं, आणि भरलेल्या रेणूची एकूण एनर्जी, इलेक्ट्रॉन डेन्सिटी जशीच्या तशी राहते. त्यामुळे सारख्या बॉण्डला काही धोका नाही. फरक पडतो तो इलेक्ट्रॉन काढल्यावर.

गंगापूररोड_नेटसेट: पण शेवटी बँड ऑर्बिटलचेच ना? म्हणजे खरी ऑर्बिटल a1 आणि t2.

गोदाकाठ: बँड म्हणजे CH4 आणि CH4+ यांच्या एनर्जीतला फरक, ऑर्बिटलचा फोटो नव्हे. हार्ट्री-फॉकने a1 ची एनर्जी काढली तर २५.७ च्या आसपास येते, प्रयोगात २२.९. जवळपास तीन इव्हीची तफावत, कारण एक इलेक्ट्रॉन गेल्यावर बाकीचे स्वतःची मांडणी बदलतात आणि तो हिशोब ऑर्बिटल एनर्जीत धरलेलाच नसतो.

पंचवटी_एमएस्सी: ताई, मग एक अडचण. माझ्याकडच्या स्पेक्ट्रममध्ये १४ च्या बँडलाच दोन उंचवटे दिसतात, एक १३.६ ला आणि एक १४.४ च्या जवळ. म्हणजे तीन बँड धरायचे का? शिवाय एक्स-रेवाल्या आलेखात २३ चाच बँड मोठा आहे, तीन ऑर्बिटलचा बँड मोठा नको का?

गोदाकाठ: तीन नाहीत. t2 मधून इलेक्ट्रॉन गेला की उरलेला आयन टेट्राहेड्रल राहूच शकत नाही, वेडावाकडा होतो, यालाच जान-टेलर म्हणतात. त्यामुळे तो बँड एवढा रुंद पसरतो आणि त्यात उंचवटे दिसतात. a1 चा बँड त्या मानाने अरुंद आहे, तिथे आयन आकार तसाच ठेवून फक्त फुगतो. आणि उंचीवरून ऑर्बिटल कधी मोजू नकोस, एक्स-रेच्या एनर्जीला कार्बनचा 2s इलेक्ट्रॉन 2p पेक्षा खूपच सहज बाहेर पडतो म्हणून एकटा a1 तिघांपेक्षा मोठा दिसतो.

कॉलेजरोड_क्लास: अकरावीला मी sp3 च आधी शिकवणार, आकार सांगायला त्याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. पण मग पाण्याच्या दोन लोन पेअरचं काय, ते पण सारखे काढतो आम्ही.

गोदाकाठ: त्यांचे बँड १२.६ आणि १४.७ च्या आसपास वेगवेगळे येतात सर. आकार शिकवायला sp3 घ्या, माझी हरकत नाही, पण "समान एनर्जी" हे शब्द फळ्यावर नकोत.

गंगापूररोड_नेटसेट: मला अजूनही वाटतं की पहिल्या दिवसापासून a1, t2 च शिकवावं. पाण्यावर वेगळं बोलू, तिथे सरांना उत्तर देणं अवघड जाईल.