होम स्लीप टेस्ट नॉर्मल, तरी सकाळचा थकवा जात नाही. लॅबमध्ये टेस्ट करावी का?

मृण्मयी_घोडबंदर
वय ४६, उंची १५८ सेंमी, वजन ५१ किलो. ऑफिस महापेला. गेली दोनेक वर्षं सकाळी उठते तेव्हा अंग आंबलेलं, डोकं जड, तोंड कोरडं. चहा होईपर्यंत कुणाशी बोलवत नाही. रात्री झोप लागायला वेळ लागतो आणि तीनच्या सुमारास धडधडून जाग येते. बाथरूमला जाऊन आले की पुन्हा तास-दीड तास टक्क जागी. गंमत म्हणजे दिवसा झोप अशी येतच नाही. ठाणे-वाशी लोकलमध्ये खिडकी मिळाली तरी डोळा लागत नाही, नुसतं मलूल वाटतं.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ ठीक आहे. फॅमिली डॉक्टरांनी पाळी जायचं वय आणि ताण म्हणून झोपेची गोळी दिली. तिने तीनची जाग कमी झाली, पण सकाळ आणखी वाईट. नवरा म्हणतो, घोरत नाहीस, मध्येच मोठा उसासा टाकून कूस बदलतेस.

नाकासाठी ईएनटीकडे गेले होते. त्यांनी माझा अरुंद टाळू आणि मागे असलेली हनुवटी बघून घरी करायची झोपेची तपासणी सांगितली. रिपोर्ट असा: रेकॉर्डिंग ७ तास १० मिनिटं, श्वासाच्या घटना ३०, ताशी ४.२, सर्वात कमी ऑक्सिजन ९१. ५ च्या खाली म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार, स्लीप ॲप्निया, नाही. फिजिशियन म्हणाले विषय संपला, ईएनटी म्हणतात लॅबमध्ये रात्रभराची तपासणी करा. ती बरीच महाग आहे. घरी काही दिसलं नाही, ते लॅबमध्ये दिसेल का?

सुहास_वाशी
मी पाच वर्षं झोपताना सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, लावतो. वजन ११० होतं, घोरण्यामुळे घरचे वेगळ्या खोलीत झोपायचे. मशीनने आयुष्य बदललं, वजन उतरल्यावर प्रेशरही कमी लागलं. संध्याकाळचं जेवण आठच्या आत घ्या आणि वजनावर काम करा, फरक पडेल.

मृण्मयी_घोडबंदर
काका, माझं वजन ५१ आहे. आणखी कमी करायला डॉक्टर नको म्हणतील.

पमाकाकू
अगं, हिमोग्लोबिन चांगलं असलं तरी फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तळाला गेलेलं असू शकतं. माझ्या सुनेचं तसंच निघालं. रात्री पाय वळवळायचे म्हणून झोप नाही, आणि सकाळी थकवा. आधी ते तपास. तू बारीक आहेस, घोरत नाहीस, तर ॲप्नियाचा प्रश्नच मिटला. उगाच लॅबमध्ये पैसे घालू नकोस.

रात्रपाळी
मी बरीच वर्षं स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे. काकूंचा फेरिटिनचा मुद्दा बरोबर आहे, ते जरूर तपासा. पण बारीक आणि न घोरणाऱ्या बायका आमच्याकडे येतात आणि त्यांच्यात दोष सापडतोही. अशांना लवकर कोणी पाठवत नाही, कारण प्रश्नावलीत गुण मिळतात ते पुरुष, जाड मान, मोठं वजन आणि घोरणं यांना. बाईची तक्रार असते थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं. जबडा मागे असेल किंवा टाळू अरुंद असेल तर जिभेमागची वाट मुळातच चिंचोळी असते, त्याला चरबी लागत नाही. पाळी जायच्या काळात धोका आणखी वाढतो.

आता तुमचा रिपोर्ट. घरच्या मशीनला तुम्ही झोपला होतात की जाग्या होतात हे कळत नाही, कारण डोक्याला तारा नसतात. ते ३० घटनांना पूर्ण ७ तास १० मिनिटांनी भागतं. त्या रात्री तुम्ही किती जाग्या होतात?

मृण्मयी_घोडबंदर
झोप लागायला तासभर गेला आणि तीन ते साडेचार जागी होते.

रात्रपाळी
म्हणजे अडीच तास वजा. उरले ४ तास ४० मिनिटं. ३० भागिले तेवढे तास म्हणजे ताशी साधारण ६.४. तुमच्या आठवणीतल्या वेळा अंदाजाच्या आहेत, त्यामुळे हा आकडा निदान म्हणून धरू नका. पण ५ ची रेघ कशी ओलांडली जाते ते कळेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. घरच्या मशीनमध्ये श्वास उथळ झाल्याची घटना साधारणपणे ऑक्सिजन घसरला तरच मोजली जाते. बारीक माणसाची झोप बऱ्याचदा हलकी असते. श्वासाला जोर लागला की ऑक्सिजन खाली यायच्या आतच मेंदू काही सेकंद जागा होतो, उसासा येतो, कूस बदलते. ही जाग फक्त डोक्यावरच्या तारांत दिसते. रात्रभर असं होत राहिलं तर ऑक्सिजन छान आणि सकाळी अंग मोडलेलं.

रिपोर्टमध्ये उताणं आणि कुशीवर अशी वेगळी आकडेवारी आहे का?

आदित्य_ऐरोली
एवढं करायची गरज नाही. घड्याळात रात्रभराचा ऑक्सिजन बघा. माझा ९६ च्या खाली जात नाही, म्हणजे ॲप्निया नाही.

रात्रपाळी
ऑक्सिजन वारंवार खाली जाताना दिसला तर ते पुढे तपासायला कारण आहे. खाली गेला नाही यावरून मात्र काही सिद्ध होत नाही. वर लिहिलं तेच, जाग घड्याळाला नीट कळत नाही.

मृण्मयी_घोडबंदर
दुसऱ्या पानावर आहे. उताणं १ तास ५० मिनिटं, त्यात घटना २३. बाकी सगळ्या वेळात ७.

रात्रपाळी
उताणं असताना ताशी साडेबारा झाले. हे सरासरीत बुडून गेलं होतं. हे पान फिजिशियनना दाखवा. शंका पक्की असताना घरची टेस्ट नॉर्मल आली, तर पुढची पायरी लॅबच असते. तीनला जाग का येते तेही तिथे कळू शकेल. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, त्यात घशाचे स्नायू सैल पडतात, आणि बायकांमध्ये घटना बऱ्याचदा तिथेच दाटतात. तुमचं कारण तेच आहे असं मी म्हणत नाही. पाळीच्या बदलानेही तीनला जाग येते.

वर्षा_कळवा
मी ४९, वजन ५४. घरच्या टेस्टमध्ये ३, लॅबमध्ये जाग आणणाऱ्या घटना धरून १७ निघाले. सीपॅप मला सोसला नाही, मास्कमुळे जागच जास्त. मग डेंटिस्टकडून खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण करून घेतलं. सुरुवातीला सकाळी दाढा आणि कानापुढचा सांधा दुखायचा, हळूहळू पुढे सरकवत नेलं. सकाळची डोकेदुखी गेली, थकवा बराच कमी झाला. झोप लागायला वेळ लागतो तो तसाच राहिला. त्यासाठी झोपेची वर्तनोपचार पद्धत वेगळी करावी लागली, अजून चालू आहे. दोन्ही दुखणी एकत्र असू शकतात हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

मृण्मयी_घोडबंदर
वर्षाताई, हे वाचून धीर आला. लॅबच्या रात्री गोळी घेऊ की नको? आणि नवीन जागी मला झोपच लागली नाही तर?

रात्रपाळी
गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, काही गोळ्या अचानक सोडल्या तर झोप आणखी उडते. नाव लॅबला आधी कळवा आणि घ्यायची की नाही ते डॉक्टरांना ठरवू दे. झोप कमीच लागते सगळ्यांना, चार-पाच तास मिळाले तरी बरंच कळतं. उताणं मात्र थोडा वेळ झोपा, नाहीतर तेच निसटायचं.

बुकिंगच्या वेळी एक विचारा: उथळ श्वास मोजताना जाग धरता का, की फक्त ऑक्सिजन ४ टक्के घसरला तरच? दुसरं उत्तर आलं तर तुमच्यासारख्या पेशंटचा पैसा वाया जाण्याची शक्यता आहे. जोर लावून श्वास घेतल्यामुळे येणाऱ्या जागा वेगळ्या लिहून द्यायलाही सांगा.

पमाकाकू
मला हे जाग येण्याचं माहीत नव्हतं. तरी फेरिटिन कर गं.

मृण्मयी_घोडबंदर
करते काकू, उद्याच रक्त देते. ठाण्यात किंवा नवी मुंबईत शनिवारी रात्री टेस्ट करणारी आणि जाग धरून मोजणारी लॅब कोणाला माहीत असेल तर व्यनि करा. मुलीची दहावी आहे, आठवड्याच्या मध्ये रात्रभर बाहेर राहणं जमणार नाही.